आधी ॲडव्हान्स, मगच कटिंग! तारापूरच्या फॅब्रिकेटरचे पैसे नेमके कुठे अडकतात? समजून घ्या

तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल आणि औषध कंपन्यांना लागणाऱ्या टाक्या, रिअ‍ॅक्टर, पाइपलाइन बनवणारी अनेक छोटी फॅब्रिकेशन वर्कशॉप बोईसर-पालघर पट्ट्यात आहेत. इथलं काम तयार मालाचं नसतं. प्रत्येक रिअ‍ॅक्टर एका विशिष्ट प्लान्टच्या ड्रॉइंगप्रमाणे बनतो. नॉझल कुठे, मोटर कुठल्या बाजूला, पाय किती उंच हे सगळं ग्राहक ठरवतो. त्यामुळे ऑर्डर मध्येच रद्द झाली तर तो रिअ‍ॅक्टर दुसऱ्या कोणाला विकणं जवळपास अशक्य. उरतं ते किलोच्या भावाचं भंगार.

४५ दिवसांचा कायदा आहे ना?

आहे, पण तो उशिरा कामाला येतो. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मात्र हे घड्याळ माल पोहोचल्यावर सुरू होतं. प्लेट खरेदीपासून डिस्पॅचपर्यंतच्या काळात वर्कशॉपला आधार असतो तो फक्त ॲडव्हान्सचा.

हप्ते कसे पाडायचे?

समजा, ५ हजार लिटरच्या स्टेनलेस स्टील रिअ‍ॅक्टरची किंमत जीएसटी सोडून १० लाख रुपये ठरली. त्यात प्लेट आणि डिशएंड ४ लाखांचे, मोटर-गिअरबॉक्स आणि सील २ लाखांचे, मजुरी-वेल्डिंग-टेस्टिंग २ लाखांचं. उरलेल्या २ लाखांत वरखर्च आणि नफा.

पहिला हप्ता ४० टक्के, म्हणजे ४ लाख. तो पर्चेस ऑर्डर आणि सही केलेल्या ड्रॉइंगसोबत घ्यायचा. नेमकी एवढीच रक्कम प्लेटसाठी लागते. इथे सहीला फार महत्त्व आहे. अख्खी प्लेट दुसऱ्या कामाला वापरता येते, कापून भोकं पाडलेली नाही. म्हणून सही आणि पैसे दोन्ही आल्याशिवाय कटिंग सुरू करायचं नाही.

शेल-डिशएंड जोडून नॉझल बसले की ग्राहकाला तपासणीला बोलवायचं आणि ३० टक्के मागायचे. तोवर साधारण दीड लाखाची मजुरी झालेली असते, म्हणजे वर्कशॉपचे दीड लाख अडकलेले असतात. मोटर-गिअरबॉक्सची ऑर्डर हा हप्ता आल्यावरच द्यायची.

हायड्रो टेस्ट झाल्यावर, गाडी भरण्याआधी, २५ टक्के. त्या क्षणी खर्च ८ लाख आणि जमा ७ लाख असते. शेवटचे ५ टक्के प्लान्टमध्ये बसवल्यानंतर. थोडक्यात, या रचनेत वर्कशॉपचे कधीच दीड लाखापेक्षा जास्त पैसे अडकत नाहीत. ॲडव्हान्सशिवाय हाच आकडा डिस्पॅचच्या दिवशी ८ लाख असता!

शेवटचा हप्ता का रखडतो?

बहुतेकदा वाक्यरचनेमुळे. ‘कमिशनिंगनंतर ५ टक्के’ असं लिहिलं आणि ग्राहकाच्या प्लान्टला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मिळायला सहा महिने लागले, तर फॅब्रिकेटर विनाकारण थांबतो. त्याऐवजी ‘कमिशनिंग किंवा डिलिव्हरीपासून ३० दिवस, जे आधी होईल ते’ असं लिहावं.

मागायचं कसं?

टक्केवारीपेक्षा कारण सांगितलेलं पर्चेस मॅनेजरला पुढे अकाउंट्सला पटवता येतं. उदाहरणार्थ: ‘साहेब, ४० टक्के प्लेट आणि डिशएंडसाठीच आहेत. प्लेट आल्या की हीट नंबरचा फोटो आणि टेस्ट सर्टिफिकेट पाठवतो. तुमचा माणूस येऊन बघून गेला की मग कटिंग.’ यात ग्राहकाचंही संरक्षण आहे. आपले पैसे आपल्याच प्लेटवर गेले, हे त्याला दिसतं.

‘आमच्याकडे ॲडव्हान्सची पॉलिसी नाही’ असं उत्तर आलं तर? मोठ्या ऑर्डरला ॲडव्हान्सपोटी बँक गॅरंटी देता येते, पण छोट्या वर्कशॉपला बँक त्यासाठी मार्जिन मागते. सोपा मार्ग म्हणजे प्लेट ग्राहकानेच घेऊन द्यायच्या आणि वर्कशॉपने फक्त मजुरी लावायची. फरक जीएसटीत पडतो. स्वतःचा माल विकताना ॲडव्हान्सवर लगेच जीएसटी भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी लागतो. मजुरीचं काम मात्र सेवा धरलं जातं आणि तिथे ॲडव्हान्स मिळाल्यावरच कर लागू होतो.

ऑर्डर रद्द झाली तर ॲडव्हान्स ठेवून घेता येतो?

‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढी एक ओळ वादात पुरेशी ठरेलच असं नाही. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते. त्यामुळे खरेदीची बिलं, मजुरीची नोंद आणि कापलेल्या प्लेटचे तारखेसह फोटो जपून ठेवावेत. कोटेशनमध्येही तसंच लिहावं: कटिंगआधी रद्द झाल्यास खरेदीतलं प्रत्यक्ष नुकसान वजा करून बाकी रक्कम परत, कटिंगनंतर रद्द झाल्यास झालेला खर्च वजा आणि भंगाराची किंमत ग्राहकाच्या खात्यात जमा.