अडतंय कुठे, ते आधी बघा

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चे मोफत अपडेट थांबवले. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी नेहमीसारखीच मेल पाहिली, विजेचं बिल भरलं. फरक एवढाच, की यापुढे विंडोजमध्ये जे नवं भगदाड सापडेल ते या यंत्रांवर बुजवलं जाणार नाही. मुदतवाढीच्या योजनेत नाव घातलं तर आणखी वर्षभर सुरक्षेपुरते अपडेट मिळतात, पण तीही सोय ऑक्टोबर 2026पर्यंतच आहे. विंडोज 11 घ्यावं म्हटलं, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. 2017च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप इथेच बाद होतात.

अशाच एका लॅपटॉपची ही हकिगत. मालकीण निवृत्त शिक्षिका. यंत्र 2013चं, तिसऱ्या पिढीचा आय-3 प्रोसेसर, 4 जीबी मेमरी आणि 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन व्हायचा, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा. दुकानदाराने सांगितलं, ‘बाई, हे आता भंगारात द्या.’ पुतण्याचं म्हणणं, हलकं लिनक्स टाकलं की पळेल. दोघांनीही यंत्र नेमकं कुठे अडतंय, हे पाहिलं नव्हतं.

तो लुकलुकणारा दिवा खरं तर सगळं सांगत होता. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी बारा-एक मिलिसेकंद. हिशेब केला तर विखुरलेले तुकडे सेकंदाला साठेकच वाचता येतात. यंत्र सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तोच आकडा हजारोंच्या घरात जातो. त्यामुळे जुनी डिस्क तशीच ठेवून कितीही हलकी प्रणाली टाकली, तरी चहाची वेळ थोडी कमी होईल, टळणार नाही. या लॅपटॉपमध्ये आधी अडीच इंची साटा एसएसडी बसवली. मागचं झाकण, चार स्क्रू, एक कनेक्टर, एवढंच काम.

त्याआधी बाईंचे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. इथे एक मेख असते. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’ने बंद केलेलं असेल तर ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून ती डिस्क उघडली तर नुसती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. Shift दाबून धरून ‘शट डाउन’ केलं की हा घोळ टळतो.

प्रणाली निवडली लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. याहून हलक्या आहेत. अँटीएक्स तर याच्या कितीतरी कमी मेमरीत चालते. पण बाईंना रोज लागतो ब्राउझर, आणि वजन आहे ते त्याचं. मिंटच्या 22 मालिकेला 2029पर्यंत अपडेट आहेत, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला मेनू विंडोजसारखाच, शिवाय अडलं तर विचारायला माणसं सापडतात. काहीशे एमबी वाचवण्यासाठी हे सोडण्यात शहाणपण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र 32-बिट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. 2008च्या सुमाराच्या अ‍ॅटम नेटबुकांवर मिंट चढतच नाही. डेबियनने 13व्या आवृत्तीपासून 32-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, आणि फायरफॉक्सची 32-बिट लिनक्सवरची शेवटची नेहमीची आवृत्ती 144वी. त्या यंत्रांवर टायपिंग करावं, गाणी ऐकावीत. बँकेचे व्यवहार करू नयेत.

पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून आधी ‘लाइव्ह’ चालवून पाहिलं, म्हणजे डिस्कला हात न लावता. या वेळी वेग बघायचा नसतो, कारण सगळं पेन ड्राइव्हवरून येत असतं. आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, वाय-फाय दिसतं का, हे पाहायचं. वाय-फाय दिसलंच नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे, त्यांचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. आता ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर! अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘टेदरिंग’ चालू करावं. प्रणाली डिस्कवर चढवल्यानंतर तसंच केलं, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडला, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर घरचं नेटवर्क यादीत आलं.

दुसरी अडचण गमतीची होती. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित ठरवत होता. पाहिलं तर यंत्राची तारीख 2012ची. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मागे जायचं, आणि सुरक्षा-प्रमाणपत्रं ‘अजून लागूच झालेली नाहीत’ असं ब्राउझरला वाटायचं. सेल बदलला, तक्रार संपली. अशा वेळी लोक प्रणाली पुन्हा पुन्हा चढवत बसतात.

उरली मेमरी. टर्मिनलमध्ये

```
free -h
```

एवढं लिहिलं की हिशेब दिसतो. `free` या रकान्यातला छोटा आकडा पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी मेमरी फायली हाताशी ठेवायला वापरतं आणि गरज पडली की सोडतं. पाहायचा तो `available` रकाना. नुसती प्रणाली चालू असताना या यंत्रावर एक जीबीच्या आत खर्च होता. ब्राउझरमध्ये मेल, यूट्यूब आणि दोन वर्तमानपत्रं उघडल्यावर खर्च अडीच जीबीच्या पुढे गेला. म्हणजे भागतं, पण काठावर. म्हणून झेडरॅम बसवलं. त्यात कमी वापरातली माहिती मेमरीतच दाबून ठेवली जाते. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण डिस्ककडे धावावं लागत नाही.

```
sudo apt install zram-tools
```

मग `/etc/default/zramswap` या फाइलमध्ये या दोन ओळी:

```
ALGO=zstd
PERCENT=50
```

यंत्र पुन्हा सुरू केल्यावर `swapon --show` मध्ये `/dev/zram0` दिसलं की झालं. तरी वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवणाऱ्याला याने पुरणार नाही. त्याने 4 जीबीची आणखी एक पट्टी घालावी.

मराठीचं काम सोपं निघालं. इनस्क्रिप्टची सवय असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडणं पुरतं. रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांसाठी आयबसबरोबर `ibus-m17n` घेतलं की फोनेटिक आणि गमभनसुद्धा मिळतं. जड गेल्या त्या बाईंच्या जुन्या प्रश्नपत्रिका. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. त्यात मुळात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन अक्षरं. कोणता मजकूर कोणत्या फॉन्टचा हे टिपून, ते फॉन्ट आणि फायली विंडोज असतानाच बाजूला काढाव्यात, आणि त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून युनिकोड करून घ्याव्यात. फॉन्टचं नाव हरवलं तर नुसत्या फाइलवरून अंदाज बांधत बसावं लागतं.

काही घरांत हा सगळा खटाटोप करूच नये. टॅलीवर रोजचा हिशेब असेल, डीटीपीचं काम जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर चालत असेल, किंवा प्रिंटरला फक्त विंडोजचाच ड्रायव्हर असेल, तर तिथे लिनक्समुळे डोकेदुखीच वाढेल. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्याने लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पुरवठादाराला विचारावं. बाईंकडे यातलं काही नव्हतं. प्रिंटर होता, तो लाइव्ह चालवतानाच जोडून पाहिला आणि चाचणीचं पान निघालं, तेव्हाच विंडोज सोडायचं ठरलं.