प्रवासात बारावा वाढदिवस

पुण्यातलं एक कुटुंब मुंबईहून लंडनला निघालंय असं समजा. जाणं १० मे, परतणं २ जून, आणि मुलीला बारावं पूर्ण होतंय २१ मेला. जाताना ती बाल प्रवासी. येताना तिचं तिकीट कुठल्या दराचं?

ट्रॅव्हल एजंटला फोनवर विचारलं तर ‘होईल हो’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून पत्र लिहावं, मोजकं: “मुलीची पासपोर्टवरची जन्मतारीख अशी आहे. परतीच्या आधी तिला बारा वर्षं पूर्ण होतात. भाड्यासाठी वय पहिल्या प्रवासाच्या दिवशीचं धरतात की प्रत्येक विमानाच्या दिवशीचं? भाड्याचा नियम लेखी कळवावा.”

हा प्रश्न नेमका विचारायलाच हवा. अनेक मोठ्या विमान कंपन्या एकाच परतीच्या तिकिटावर प्रवास सुरू होण्याच्या दिवसाचं वय धरतात. मग बालदर परतीलाही टिकतो. पण जाण्या-येण्याची तिकिटं वेगवेगळी काढली, की २ जूनला नवा प्रवास सुरू होतो आणि प्रौढांचं भाडं लागतं. काही स्वस्त विमान कंपन्या तर प्रत्येक उड्डाणाला वय नव्याने मोजतात. निघण्याची तारीख २१ मेच्या पुढे ढकलली, तरी सवलत हातची जाते.

सवलत सहसा मूळ भाड्यावर असते. करांचा हिशेब निराळा. ब्रिटनमधून निघताना लागणारा हवाई प्रवासी कर इकॉनॉमीत सोळा वर्षांखालच्यांना माफ आहे, त्यामुळे बारा पूर्ण झाल्याने तो वाढत नाही. एजंटने तो लावला असेल, तर त्याच पत्रात विचारावं.