मागणीपत्रातल्या दोन हजारांचा हिशेब

युनियनच्या मागणीपत्रात पहिलीच मागणी आहे: मूळ पगारात दरमहा २,००० रुपये वाढ. कारखान्यात कामगार २००. म्हणजे वर्षाला ४८ लाख, असा हिशेब मॅनेजर करतो आणि बोलणीला बसतो. इथेच तो फसतो.

कंपनी पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के पीएफ भरत असेल, तर वर्षाला आणखी पावणेसहा लाख लागतात. त्याहून मोठा खड्डा ग्रॅच्युइटीचा. ती शेवटच्या पगारावर मोजतात, नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून. त्यामुळे वीस वर्षं नोकरी झालेल्या कामगाराच्या मागच्या वर्षांचीही ग्रॅच्युइटी वाढते, आणि एकट्या या वाढीने त्याची रक्कम सुमारे २३,००० रुपयांनी चढते. सगळेच असे जुने असतील, तर कंपनीवरचा बोजा ४६ लाखांनी वाढला. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, तोही महागतो. शिवाय करार मागील तारखेपासून लागू करायचा ठरला, तर थकबाकी वेगळीच.

हा कागद हाती असला की बोलणीला वाव मिळतो. दोन हजार एकदम द्यायचे, की तीन वर्षांच्या करारात टप्प्याटप्प्याने? काही भाग उत्पादनाशी जोडायचा का? पण उत्पादनाची अट घालायची तर आकड्यातच. ‘उत्पादकता वाढवण्यास सहकार्य करू’ या वाक्यावरून पुढे भांडणच होतं. कोणत्या मशीनवर, एका पाळीत किती नग, हे लिहावं लागतं.

दुसरा प्रश्न, बोलायचं कोणाशी? मुंबईच्या गिरण्यांमध्ये कायद्याने मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मालक आणि सरकार मान्यताप्राप्त संघटनेशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलायला तयार नव्हते. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही.

म्हणून मान्यतेच्या कागदासोबत खात्यांमध्ये कोणाचा शब्द चालतो, हेही पाहावं लागतं. समझोत्यावर सह्या करून आलेल्या प्रतिनिधींना गेट मीटिंगमध्ये कामगार बोलू देत नसतील, तर तो समझोता डळमळीत आहे, हे ओळखावं.

सही कुठे होते, यानेही फरक पडतो. परस्पर झालेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो. समेट अधिकाऱ्यासमोरच्या समेटात झालेला करार सभासद नसलेल्यांसह सगळ्या कामगारांना लागू होतो. पाळ्यांच्या वेळा बदलायच्या असतील, तर त्याही याच करारात आणाव्यात. एरवी त्यासाठी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कराराची मुदत संपली म्हणून तो आपोआप रद्दही होत नाही. तो संपवण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने उलटेपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात.