वीस हजार पेट्यांची पावती

खसखस आपल्या घरात नवी नाही. अनारशाला लावतो, दिवाळीच्या करंजीच्या सारणात घालतो. ती ज्या बोंडात भरलेली असते, ते बोंड हिरवे असतानाच त्याला दुपारी बारीक चिरा पाडल्या, तर रात्रभर त्यातून पांढरा चीक पाझरतो. सकाळी तो खरवडून घेतला, सुकवला, की झाली अफू. ह्या चिकापायी एका साम्राज्याची दारे तोफा लावून उघडली गेली. ही हकीकत चीनची आहे, पण तो चीक आपल्या देशातला होता, म्हणून आपण ती जरा बारकाईने पाहू.

सुरुवात अफूने होत नाही, चहाने होते. अठराव्या शतकात इंग्रजांना चहाची चटक लागली आणि चहा तेव्हा मिळे तो फक्त चीनमध्ये. चीनच्या बादशहाने १७५७ सालापासून युरोपीय जहाजांना एकच बंदर मोकळे ठेवले होते, दक्षिणेकडचे कँटन. तेथेही त्यांनी वाटेल त्याच्याशी सौदा करायचा नाही. सरकारने परवाना दिलेल्या मोजक्या चिनी व्यापाऱ्यांशीच करायचा, हंगामापुरते नदीकाठच्या वखारीत राहायचे आणि हंगाम संपला की निघून जायचे. बरे, चहाच्या बदल्यात चीनला इंग्रजांचे काय हवे होते? फारसे काहीच नाही. लोकरीचे कापड कँटनच्या उकाड्यात कोण घेणार? तेव्हा चहाची किंमत रोख चांदीत मोजावी लागे. जहाजे भरभरून चांदी जाई आणि परत चहा येई.

ही चांदी वाचवण्याची युक्ती ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल-बिहारात सापडली. १७७३ पासून तेथल्या अफूचा मक्ता कंपनीने स्वतःकडे घेतला. शेतकऱ्याला आगाऊ उचल द्यायची आणि सगळा चीक कंपनीच्या ठरलेल्या भावाने कंपनीलाच घालायला लावायचे, अशी पद्धत होती. पाटणा आणि गाझीपूर येथल्या कारखान्यांत त्याचे नारळाएवढे गोळे बनत. चाळीस गोळ्यांची एक पेटी, वजन सुमारे साठ किलो, म्हणजे जुन्या हिशेबाने दीड मणाहून थोडे अधिक.

आता येथे एक मेख आहे, ती नीट पाहा. चीनमध्ये अफूला बंदी होती. पहिला हुकूम १७२९ सालचा, आणि पुढे आयातीवरही बंदी आली. कंपनीने उघडपणे अफू नेली असती, तर तिचा चहाचा व्यापारच बंद पडला असता. म्हणून कंपनी स्वतः अफू नेतच नसे. ती कलकत्त्याला पेट्यांचा जाहीर लिलाव करी, पैसे मोजून घेई आणि हात झटकून मोकळी होई. लिलावात माल घेणारे खाजगी व्यापारी तो जहाजाने नेत, कँटनच्या खाडीतल्या लिंटिन बेटाजवळ नांगरून ठेवलेल्या जहाजांवर उतरवत, आणि तेथून चिनी तस्कर बऱ्याच वल्ह्यांच्या वेगवान होड्यांतून तो किनाऱ्याला नेत. वाटेतल्या अंमलदारांचे हात ओले केलेले असत. विक्रीची चांदी ते व्यापारी कँटनला कंपनीच्या तिजोरीत भरत, त्याबदली लंडनच्या हुंड्या घेत, आणि त्याच चांदीने कंपनी चहा विकत घेई. चांदी इंग्लंडहून आणण्याची गरजच उरली नाही. कंपनीच्या कागदोपत्री मात्र चीनमध्ये एक गोळाही विकलेला नाही! अशी सोज्वळ हिशेबवही क्वचितच पाहायला मिळते.

आपल्या मुंबईचा संबंध येथेच येतो. माळव्यातली अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलुखातली, कंपनीच्या मक्त्याबाहेर होती. ती आडवाटेने पोर्तुगीजांच्या दमणला जाई आणि तेथून चीनला. ती थोपवता येईना, तेव्हा कंपनीने १८३१ च्या सुमारास पेटीमागे जकात घेऊन तिला मुंबईतून वाट दिली. मुंबईच्या कितीतरी पेढ्या त्यावर मोठ्या झाल्या. जमशेटजी जीजीभाई हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले, आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून, अफूतूनही, आलेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला चार-पाच हजार पेट्या चीनला जात. १८३४ साली कंपनीचा चीनच्या व्यापाराचा मक्ता संपला, चढाओढ वाढली, आणि १८३८-३९ पर्यंत हा आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. आता चांदीचा ओघ उलटा वाहू लागला होता. चिनी शेतकरी आपला माल तांब्याच्या नाण्यांत विकी, सारा मात्र चांदीच्या मापाने भरी. पूर्वी चांदीच्या एका तोळ्याला (चिनी तोळा आपल्याहून मोठा, त्याला तेल म्हणत) हजार तांब्याची नाणी पडत. १८३० नंतरच्या दशकात ती दीड हजाराच्याही वर गेली. कागदावर सारा तोच, पण भरायला दीडपट पीक विकायचे. त्या काळी जगभरच चांदी टंचाईत होती हेही एक कारण अभ्यासक दाखवतात, पण पेकिंगच्या दरबाराला दिसत होती ती अफू. तेव्हा ज्याने कधी चिलीम तोंडाला लावली नाही, तो शेतकरीही ह्या व्यसनाची किंमत मोजत होता.

दरबारात दोन मते पडली. एक म्हणे, बंदी उठवा, कर लावा. दुसरे म्हणे, ओढणाऱ्यालाही देहांत शासन करा. बादशहा दाओग्वांगने कडक मार्ग धरला आणि लिन त्सेश्यू नावाच्या अधिकाऱ्याला खास अधिकार देऊन कँटनला धाडले. लाच न खाणारा म्हणून त्याची ख्याती होती. १० मार्च १८३९ ला तो पोचला, आणि आठवडाभरातच परदेशी व्यापाऱ्यांना हुकूम सुटला: असेल नसेल ती सारी अफू हवाली करा, आणि पुन्हा आणणार नाही असे लिहून द्या. व्यापाऱ्यांनी हजारभर पेट्या पुढे करून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. लिनने वखारींना वेढा घातला. नोकरचाकर काढून घेतले. सुमारे साडेतीनशे परदेशी माणसे आत अडकली.

ब्रिटिश सरकारचा तेथला अधिकारी कॅप्टन चार्ल्स एलियट. त्याला स्वतःला हा धंदा पसंत नव्हता. पण २७ मार्चला त्याने एक कागद काढला, आणि माझ्या मते पुढच्या युद्धाचे बीज त्या एका कागदात आहे. त्याने इंग्रज व्यापाऱ्यांना फर्मावले की तुमची अफू ब्रिटिश सरकारच्या नावे माझ्याकडे द्या, मी ती चिन्यांना देईन. म्हणजे काय झाले, बघा. काल जो तस्करांचा जप्त होऊ घातलेला चोरटा माल होता, तो आज इंग्लंडच्या राणीची मालमत्ता झाला, आणि व्यापाऱ्यांच्या हाती राणीच्या सरकारची पावती आली. धरपकडीमुळे बाजार थंड होता, माल पडून होता. त्यांनी तो आनंदाने दिला. एकूण पेट्या भरल्या २०,२८३. ह्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांच्याही पुष्कळ होत्या.

एवढी अफू नष्ट करायची कशी? जाळली तर वितळून जमिनीत मुरते, आणि लोक ती माती उकरून पुन्हा चीक काढतात. लिनने हूमेन येथे समुद्राच्या खाडीलगत मोठे हौद खणवले, तळाला फरशी घातली. त्यात पाणी आणि मीठ, मग फोडलेले गोळे, वरून चुनकळी. चुना उकळू लागे, मजूर ते घोटत, आणि ओहोटीला दार उघडून तो रेंदा समुद्रात सोडत. ३ जून १८३९ ला सुरू झालेले हे काम तीन आठवडे चालले. बाराशे टनांहून अधिक अफू नाहीशी झाली. जलचरांनी दूर जावे म्हणून लिनने आधी समुद्रदेवतेची प्रार्थना केली होती. व्हिक्टोरिया राणीला उद्देशून त्याने पत्रही लिहिले. त्यातला एक प्रश्न असा, की जे विष तुम्ही आपल्या देशात चालू देत नाही ते आमच्याकडे का पाठवता? प्रश्न चोख असला, तरी माहिती अपुरी होती. इंग्लंडात तेव्हा अफूला बंदी नव्हती, औषधाच्या दुकानात ती सहज मिळे.

लिनला वाटले प्रकरण मिटले. पण पावत्या लंडनला पोचल्या. रक्कम सुमारे वीस लाख पौंड! सरकारच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता, आणि परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने ठरवले की तो चीनकडूनच वसूल करायचा. कापडगिरणीवाल्यांनाही चीनची इतर बंदरे हवीच होती. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात सरकारवर ठपका ठेवणारा ठराव आला. ग्लॅडस्टनने ह्या युद्धावर कडाडून टीका केली, तर आपल्या शिक्षक मित्रांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक असलेल्या मेकॉलेने सरकारची बाजू मांडली. २६२ विरुद्ध २७१, असा नऊ मतांनी तो ठराव पडला. आरमार तर आधीच निघाले होते, आणि त्यात हिंदुस्थानी शिपायांच्या पलटणीही होत्या.

गुरुजींनी वर्गात चीनचा नकाशा टांगला, तर युद्धाचा पुढचा भाग बोटाने दाखवता येईल. चीनचे किल्ले समुद्राकडे तोंड करून, तोफा एकाच जागी रोवलेल्या. इंग्रजांकडे 'नेमेसिस' नावाची सपाट तळाची लोखंडी आगबोट होती, ती उथळ नद्यांत वाऱ्याविरुद्धही चालत असे. इंग्रज किनाऱ्याने उत्तरेला सरकत गेले, यांगत्सी नदीत शिरले, आणि जुलै १८४२ मध्ये जेथे मोठा कालवा नदीला छेदतो ते झेनज्यांग शहर त्यांनी घेतले. दक्षिणेचे धान्य ह्याच कालव्याने राजधानीला जाई. नळी दाबली, आणि दरबार नमला.

२९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. ज्या 'कॉर्नवॉलिस' युद्धनौकेवर सह्या झाल्या, ती मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी नौका. हाँगकाँग बेट इंग्रजांना गेले. कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय ही पाच बंदरे उघडली. परवानेवाल्या व्यापाऱ्यांचा मक्ता मोडला. खंडणी दोन कोटी दहा लाख डॉलर, आणि तीतले साठ लाख हे हूमेनला बुडवलेल्या अफूची किंमत म्हणून. पावती वटली, ती चीनच्या पैशाने. अफूचा धंदा पुढे चालेल की नाही, ह्याविषयी तहात मात्र एक अक्षर नाही. बंदी कायम, आणि चोरटी आयातही कायम.

ही राहिलेली गाठ दुसऱ्या युद्धाने सोडवली. १८५६ साली 'ॲरो' नावाच्या जहाजावरच्या चिनी खलाशांना चिनी अंमलदारांनी पकडले, एवढे निमित्त पुरले. ह्या वेळी फ्रेंचही सामील झाले. १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहाने आणखी दहा बंदरे उघडायची ठरली, आणि तो अमलात येत नाही म्हणून १८६० साली सैन्य पेकिंगला पोचले आणि त्यांनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा जाळला.

मधल्या काळात, नोव्हेंबर १८५८ मध्ये, शांघायला बसून जकातीचे कोष्टक ठरवले गेले. त्यात अफूची एक ओळ आहे. शंभर कॅटीला, म्हणजे साधारण एका पेटीला, तीस तेल चांदी जकात. चिनी मजकुरात तिला अफू म्हटलेले नाही. नाव घातले 'परदेशी औषध'. ते औषध हिंदुस्थानातून तेथे जाणे थांबायला पुढे पन्नासांवर वर्षे लागली. १९०७ साली दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला, तेव्हा कुठे.