पंखा नेमका कोणत्या आकड्यावर अडतो?

मे महिन्यातली दुपार. डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. "अरे, बाहेरच्या खोलीतला पंखा एकवर हलतच नाही बघ. दोनवर नीट फिरतो, तीनवर ठेवला तरी दोनसारखाच फिरतो, आणि चारवर नुसतं वादळ! नवीन पंखा घ्यायचा का?"

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथली सवय म्हणून मी तिला दोनच प्रश्न विचारले. रेग्युलेटर फिरवताना टक टक असा आवाज होतो, की रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा तो सलग फिरतो? आणि पंखा चारवर पूर्वीसारखाच जोरात आहे ना? बटण टक टक वाजत होतं आणि चारवरचा जोर तोच होता. "मग पंख्याला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं, "रेग्युलेटरमधला लहान कंडेन्सर गेलाय. रविवारी येतो." रेग्युलेटर उघडण्याआधीच मला हे कसं कळलं, याचं तिला भारी नवल वाटलं. खरं तर उत्तर तिच्याच वाक्यात होतं. त्यासाठी रेग्युलेटरच्या पोटात काय असतं, एवढं माहीत हवं.

जुन्या घरांच्या लाकडी बोर्डावर बसलेला काळा किंवा तपकिरी जाडजूड डबा अनेकांना आठवत असेल. त्याच्या अंगाला हवा खेळण्यासाठी भोकं असायची आणि संध्याकाळी हात लावला तर तो गरम लागायचा. आत चिनी मातीच्या तुकड्यावर गुंडाळलेली रेझिस्टन्सची तार, आणि तिच्यातून ठरावीक अंतरावर बाहेर काढलेली टोकं. पाचवर तार वाटेत येतच नाही, वीज थेट पंख्याला जाते. चारवर तारेचा एक तुकडा मध्ये येतो, तीनवर दोन, आणि एकवर सगळी तार. जितकी तार जास्त, तितका पंख्याला मिळणारा दाब कमी.

पण अडवलेली वीज जाते कुठे? ती तारेत उष्णता होऊन जाते. समजा मंद वेगावर पाव अँपिअर प्रवाह आहे आणि वाटेत ३०० ओहमची तार आहे, तर १८ ते १९ वॅट त्या डब्यातच जळतात. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरून डबा गरम का लागायचा ते समजेल. पूर्ण वेगाला ७५ वॅट घेणारा पंखा हळू केला की बिल कमी होतं हे खरं, पण या डब्यामुळे बचतीतला मोठा वाटा भिंत तापवण्यात जातो. एक गुण मात्र त्याला द्यायला हवा. तो विजेची लाट न मोडता नुसती लहान करतो, म्हणून त्याच्यावर पंखा कधी घुमत नाही.

घुमण्याची तक्रार आली ती नंतरच्या, सलग फिरणाऱ्या बटणाच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरबरोबर. त्यात ट्रायॅक नावाचा नखाएवढा भाग असतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होते, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो आणि उरलेलाच पंख्याकडे सोडतो. जितकं जास्त कापाल, तितका पंखा हळू. यात उष्णता फारशी होत नाही, त्यामुळे डबा लहान झाला आणि स्विचच्या शेजारी बसू लागला.

त्रास होतो तो कापण्याच्या तऱ्हेमुळे. लाट अलगद चढत नाही, ती एकदम आदळते. बरोबर मध्यावर कापली, तर शून्यावरून थेट सव्वातीनशे व्होल्टचा धक्का बसतो, कारण २३० व्होल्टच्या लाटेचा शेंडा तिथपर्यंत जातो. हा धक्का सेकंदाला १०० वेळा मोटारीतल्या वेटोळ्यांना आणि लोखंडी पत्र्यांना बसतो, ते थरथरतात आणि छताकडून घूंऽऽ असा आवाज येतो. म्हणून अशा पंख्याची घरघर मधल्या वेगांना सगळ्यात जास्त आणि पूर्ण वेगाला जवळजवळ नाहीशी होते. बिघडला काहीच नाही, पण रात्री झोप मोडते. पंख्याला तेलपाणी करून हा आवाज जात नाही, रेग्युलेटर बदलल्यावर जातो.

ट्रायॅकच्या दोन बिघाडांची लक्षणं मात्र वेगळी आहेत. बटण कुठेही ठेवलं तरी पंखा पूर्ण वेगानेच फिरत असेल, तर ट्रायॅक आतून शॉर्ट झालेला असतो. आणि पंखा जेमतेम फिरतोय, आवाज खूप मोठा आहे, मोटारीचं टोपण तापतंय, असं असेल तर ट्रायॅक लाटेची एकच बाजू सोडतोय असं समजावं. अशी एकतर्फी वीज मोटार फिरवण्याऐवजी तिला धरून ठेवते आणि तापवते. तो पंखा लगेच बंद करावा.

आता मावशीच्या रेग्युलेटरकडे येऊ. हा तिसरा प्रकार. बटण टक टक करत फिरतं, डबा गरम होत नाही आणि पंखाही घुमत नाही. यात लाट कापायला काही नाही आणि जाळायला तारही नाही, आहेत ते दोन कपॅसिटर. वायरमन त्यांना कंडेन्सरच म्हणतात. कपॅसिटर म्हणजे उसनवारी करणारा शेजारी. लाट चढताना तो वीज घेतो आणि उतरताना परत करतो, स्वतःकडे जवळजवळ काही ठेवत नाही. पण त्याची झोळी जेवढी, तेवढाच प्रवाह त्याच्या वाटेने जाऊ शकतो. झोळी लहान तर पंखा हळू, मोठी तर वेगात.

चार वेगांच्या रेग्युलेटरमध्ये सहसा एक लहान आणि एक मोठा कपॅसिटर असतो. एकवर फक्त लहान जोडला जातो, दोनवर फक्त मोठा, तीनवर दोन्ही मिळून. चारवर दोघांनाही बगल देऊन वीज थेट जाते. आता मावशीचं वाक्य पुन्हा वाचा. एक बंद, म्हणजे लहान गेला. दोन ठीक, म्हणजे मोठा शाबूत. तीनवर दोघांनी मिळून काम करायचं, पण एकटा मोठाच उरलेला, म्हणून तीन म्हणजे दोनच. चार ठीक, म्हणजे पंखा निरोगी. याउलट मोठा गेला असता, तर एक ठीक, दोन बंद आणि तीनवर एकसारखाच वेग, अशी तक्रार आली असती.

तारेच्या जुन्या डब्यात असं होऊच शकत नाही. तिथे तारेचे तुकडे एकापुढे एक असतात. तार कुठेही तुटली, तरी त्या जागेपासून खालचे सगळे आकडे बंद आणि वरचे सगळे चालू. एक चालू आणि दोन बंद हे दुखणं कपॅसिटरवाल्याचंच.

रविवारी गेलो. आधी एमसीबी पाडला, नुसतं बटण बंद केलं नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, मग बटण बंद असूनही बोर्डात फेज जिवंतच असते. टेस्टरनेही खात्री केली आणि रेग्युलेटर काढून उघडला. ३.३ मायक्रोफॅरॅड लिहिलेला कपॅसिटर मीटरवर ३.२ दाखवत होता. २.२ लिहिलेला मात्र ०.३ वर आला होता. वरून फुगलेला नाही की जळलेला नाही, दिसायला नवा कोरा.

हे अचानक होत नाही. या कपॅसिटरमध्ये प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर धातूचा अगदी तलम थर असतो. दाबाचा झटका आला की फितीत बारीक छिद्र पडतं, आणि त्याच्या भोवतीचा धातू क्षणात जळून जातो. त्यामुळे शॉर्ट टळतो, पण प्रत्येक वेळी झोळीचा एक ठिपका कमी होतो. मावशीला मग आठवलं, "दिवाळीतच एकवर पात्याला काठीने ढकलावं लागायचं. मला वाटलं, थंडीने अडकत असेल."

कपॅसिटर बदलता येतो, पण हे डबे बहुतेक वेळा पक्के चिकटवलेले असतात. ते फोडून जोडण्यापेक्षा नवा बसवणं बरं. घेताना आपल्या प्लेटमध्ये त्याला किती जागा आहे ते बघावं आणि टक टक करणाराच मागावा. एका रेग्युलेटरवर एकच पंखा. दोन जोडले, तर आकड्यांचा हिशोब चुकतो आणि डब्यावर ताणही येतो. बल्बसाठीचा डिमर पंख्याला लावू नये. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्याला तर रेग्युलेटर नकोच. तो वेग स्वतःच्या सर्किटने ठरवतो, वाटेत आलेला रेग्युलेटर ते सर्किट बिघडवू शकतो.

काही दुखण्यांशी मात्र रेग्युलेटरचा संबंध नसतो. पूर्ण वेगाच्या आकड्यावरही पंखा मंद असेल, तर पंख्याच्या दांडीजवळच्या टोपणातला कंडेन्सर तपासावा. तो साधारण अडीच मायक्रोफॅरॅडचा असतो आणि उतरला की पंखा नुसता घुमतो, हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. आवाज सगळ्या वेगांना सारखाच येत असेल, तर बेअरिंग नाहीतर पात्याचे स्क्रू. आणि आवाज छताकडून न येता बोर्डातून येत असेल, त्यातही चरचर असेल किंवा जळका वास असेल, तर आतली वायर सैल होऊन ठिणगी पडते आहे. तिथे आकडे मोजत बसू नये, मेन बंद करून वायरमनला बोलवावं.

नवा रेग्युलेटर बसला, मावशीने एक ते चार दोनदा फिरवून पाहिलं आणि मला चहा मिळाला. पावसाळ्यात तिचा पुन्हा फोन आला. "आतल्या खोलीतला तो जुना काळा डबा आहे ना, त्याचे एक आणि दोन गेले. तीन, चार, पाच ठणठणीत आहेत. दोन आणि तीनच्या मधली तार तुटली ना रे?"


"बरोबर," मी म्हटलं.

"मग मी वायरमनला तसंच सांगितलंय. तू यायची गरज नाही."