आकडे जुळले, तरी कोडं चुकलं

प्रयोगशाळेत मशीनवर नमुने चढवले की पुढची चाळीस मिनिटं हातात दुसरं काम नसतं. त्या वेळात मी फोनवर बेटं-पुलांचं कोडं सोडवत बसतो. काही महिन्यांपूर्वी असंच एक मोठं कोडं सोडवलं. प्रत्येक आकडा दोनदा तपासला, सगळे बरोबर होते. तरीही ॲप ते उत्तर मान्य करेना. ॲपमध्येच काहीतरी गडबड असणार, अशी माझी खात्री झाली होती. मग एका कोपऱ्यातली तीन बेटं दिसली. एकमेकांना धरून सुखाने बसलेली, पण बाकीच्या नकाशाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. नियमांच्या यादीतली शेवटची ओळ मी विसरलो होतो.

हा लेख त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. या कोड्यातली सगळी अवघड गोष्ट तिच्यात दडलेली आहे.

कोड्याचं जपानी नाव 'हाशिवोकाकेरो', म्हणजे 'पूल बांधा!'. सुडोकू जगभर पोहोचायच्या कितीतरी आधीपासून ते कोडं छापणाऱ्या जपानमधल्या 'निकोली' या कोड्यांच्या मासिकात १९९० च्या सुमारास हे कोडं आलं. आता 'हाशी' किंवा 'ब्रिजेस' नावाने ते सगळीकडे मिळतं.

नियम थोडे आहेत. चौकटीच्या कागदावर काही गोल असतात, ती बेटं. प्रत्येक बेटावर एक आकडा असतो आणि त्या बेटाला एकूण तितकेच पूल जोडायचे असतात. पूल फक्त आडवे किंवा उभे, सरळ रेषेत, समोर दिसणाऱ्या पहिल्या बेटापर्यंत जातात. दोन बेटांमध्ये जास्तीत जास्त दोन पूल चालतात. पूल एकमेकांना छेदत नाहीत. आणि शेवटची ओळ: कुठल्याही बेटावरून निघून पुलांवरून चालत दुसऱ्या कुठल्याही बेटावर जाता आलं पाहिजे.

मी या लेखासाठी एक छोटं कोडं तयार केलं आहे. बोलायला सोपं जावं म्हणून बेटांना अक्षरं दिली आहेत. अक्षराशेजारचा आकडा म्हणजे पुलांची संख्या.

```
क४     ख२     ग२

घ४     च२     छ३

ज२     झ२     ट१
```

सुरुवात कोपऱ्यातल्या क पासून करू. त्याला चार पूल हवेत आणि शेजारी दोनच आहेत, ख आणि घ. एका बाजूला दोनपेक्षा जास्त पूल चालत नाहीत, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन. आता ख चे दोन्ही पूल भरले, तो बाद. मग ग ला फक्त छ उरतो, म्हणून ग आणि छ मध्ये दोन पूल. छ चा आकडा तीन, म्हणजे त्याचा एक पूल अजून बाकी आहे. तो च कडे जाईल किंवा ट कडे.

इथे निव्वळ आकडे बघून निर्णय होत नाही. छ-ट जोडा, ट चा एक पूल पूर्ण होतो आणि कुणाचीच तक्रार उरत नाही. पण मग ग, छ आणि ट या तिघांचे पूल संपतात आणि ती तीन बेटं कायमची वेगळी पडतात. (माझ्या फोनवर झालं होतं ते नेमकं हेच.) म्हणून छ चा पूल च कडेच जायला हवा. मग ट ला झ शिवाय कुणी उरत नाही, तेव्हा झ-ट एक पूल.

पुढचा प्रश्न च चा. त्याचा एक पूल बाकी आहे, तो घ कडे न्यायचा की झ कडे? झ कडे नेला तर झ चे दोन पूर्ण, च चे दोन पूर्ण. ग, छ, च, झ, ट हा पाच बेटांचा गट बंद होतो आणि क त्याच्या बाहेर राहतो. म्हणून च-घ. आता घ चे तीन पूल झाले, चौथा ज कडे. ज चा दुसरा पूल झ कडे. संपलं.

```
क४ ═══ ख२     ग२
║             ║
घ४ ─── च२ ─── छ३
│
ज२ ─── झ२ ─── ट१
```

मागे वळून बघा. दोनदा आपण अडलो आणि दोन्ही वेळा वाट दाखवली ती शेवटच्या नियमाने. तो नियम काढून टाकला, तर याच कोड्याला एकूण पाच उत्तरं आहेत. पाचांतही सगळे आकडे बिनचूक जुळतात. त्यांतलं एकच जोडलेलं आहे.

मग हा नियम इतरांपेक्षा वेगळा का? बाकीचे नियम जागच्या जागी तपासता येतात. घ चा आकडा बरोबर आहे का, हे बघायला घ पाशी उभं राहून चार दिशांना मान वळवली की झालं. सुडोकूचे सगळे नियम याच जातीचे आहेत: एक ओळ, एक स्तंभ किंवा एक चौकोन बघितला की पुरतं. जोडणीचं तसं नाही. कुठल्याही एका बेटावर उभं राहून 'सगळं जोडलेलं आहे' असं म्हणता येत नाही. त्यासाठी पूर्ण नकाशा फिरावा लागतो.

पूल मोजून काम भागेल का? नऊ बेटं जोडायला बेटांच्या किमान आठ जोड्यांमध्ये पूल हवेत. (दुहेरी पूल असला तरी ती एकच जोडी धरायची.) आपल्या उत्तरात बरोबर आठ जोड्या आहेत. पण त्या पाचांपैकी एका चुकीच्या उत्तरातही आठच आहेत! त्यात घ, च, झ, ज यांचं एक वर्तुळ तयार होतं, म्हणजे एक जोडी गोल फिरण्यात वाया जाते आणि ग-छ-ट तिकडे वेगळे राहतात. तेव्हा मोजणी पुरत नाही, चालूनच बघावं लागतं. कोडं सोडवून झालं की मी आता एका बेटावर बोट ठेवतो आणि पुलांवरून पोहोचता येणारी सगळी बेटं मोजतो. एक जरी कमी भरलं, तरी उत्तर चूक.

संगणकापुढेही हीच अडचण येते, आणि तो ती सोडवतो ते मला फार आवडतं. आकड्यांचे नियम संगणकाला सांगणं सोपं आहे: प्रत्येक बेटासाठी एक समीकरण. जोडणीचा नियम मात्र असा सांगावा लागतो: 'बेटांचे कसेही दोन गट पाडा, त्या दोन गटांमध्ये किमान एक पूल हवा.' नऊ बेटांचे दोन गट २५५ प्रकारे पाडता येतात, म्हणजे २५५ अटी. तीस बेटं असतील तर ५३ कोटींहून जास्त. इतक्या अटी लिहीत बसणं शक्य नाही.

म्हणून त्या आधी लिहायच्याच नाहीत. फक्त आकडे जुळवून एक उत्तर काढायचं आणि त्यात कोण वेगळं पडलंय ते बघायचं. समजा, ग-छ-ट वेगळे पडले. मग एवढीच एक अट वाढवायची: या तिघांपासून बाहेर किमान एक पूल हवा. आणि पुन्हा सोडवायचं. आपल्या कोड्यात या एका अटीने पाचपैकी तीन उत्तरं बाद होतात. उरलेल्या दोनांपैकी एकात क, ख, घ, ज वेगळे पडतात, त्यांच्यासाठी दुसरी अट. आता एकच उत्तर शिल्लक राहतं. २५५ पैकी दोन अटींत काम झालं! ही युक्ती जुनी आहे. १९५४ मध्ये डॅन्झिग, फुलकर्सन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांमधून जाणारा फिरत्या विक्रेत्याचा सर्वांत छोटा मार्ग शोधला, तेव्हा सुट्या पडलेल्या फेऱ्या त्यांनी याच पद्धतीने एकेक करून मोडल्या होत्या.

फिरत्या विक्रेत्याचं नाव इथे योगायोगाने आलेलं नाही. समजा, एखाद्या कोड्यात सगळ्या बेटांवर २ हाच आकडा आहे आणि बेटं दोनपेक्षा जास्त आहेत. कुठल्याही दोन बेटांमध्ये दुहेरी पूल बांधला तर ती जोडी तिथेच बंद होते आणि बाकीच्यांपासून तुटते. म्हणजे दुहेरी पूल चालणारच नाही. प्रत्येक बेटावर एक पूल येणारा, एक जाणारा. सगळं जोडलेलं हवं, म्हणजे एकच बंद फेरी, जी प्रत्येक बेटावर एकदाच जाते. चौकटीच्या कागदावरच्या ठिपक्यांमधून अशी फेरी आहे का, हा प्रश्न 'एनपी-कम्प्लीट' आहे, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं होतं. डॅनियल अँडरसन यांनी २००९ मध्ये त्याच प्रश्नाच्या आधारे दाखवलं, की आपलं पुलांचं कोडंही त्याच वर्गात बसतं.

याचा अर्थ असा: कुणी उत्तर हातात दिलं तर ते तपासणं झटपट होतं, पण कितीही मोठं कोडं दिलं तरी हमखास लवकर सोडवेल अशी पद्धत कुणालाही माहीत नाही. तशी सापडली, तर या वर्गातले हजारो प्रश्न एकदम सुटतील. याचा अर्थ तुमच्या फोनवरचं प्रत्येक कोडं अवघड असतं असा मात्र नाही. ती कोडी माणसाला पायरी-पायरीने सुटावीत अशीच बेतलेली असतात.

जाता जाता एक गृहपाठ. वरच्यासारखीच तीन बाय तीन बेटं घ्या, पण सगळ्यांवर २ लिहा. या कोड्याला उत्तर नाही, आणि ते सिद्ध करायला एकही पूल काढून बघावा लागत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी बेटं आळीपाळीने काळी-पांढरी रंगवा. प्रत्येक पूल कुठल्या रंगाकडून कुठल्या रंगाकडे जातो ते बघा आणि दोन्ही रंगांच्या आकड्यांची बेरीज करा. मग तीन बाय चार बेटं घेऊन पाहा. तिथे उत्तर आहे, फक्त पेन्सिल हवी.