तरी, च आणि कावळ्याचा पाय

पितृपक्ष संपून दिवाळी आली तरी माझ्या कागदावरचा कावळा काही उडत नाही. तीस वर्षं पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांसाठी डेटाबेस आखण्यात गेली. चौकटी काढायच्या, त्या रेघेने जोडायच्या आणि रेघेच्या टोकाला कावळ्याचा पाय काढायचा, एवढंच केलं म्हणा ना. मधल्या काळात क्लास डायग्राम आले आणि पायाच्या जागी `0..*` असे आकडे बसले. आता कोणीही तरुण भेटला की विचारतो, "काका, अजून तेच?" हो, अजून तेच. का, ते सांगतो.

इतिहास भराभर उरकतो. १९७६ साली पीटर चेन यांनी एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं. त्यातले समभुज चौकोन परीक्षेपुरते सगळ्यांनी काढले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. त्याच वर्षी गॉर्डन एव्हरेस्ट यांनी रेघेच्या टोकाला तीन फाटे फोडले. तोच आपला कावळ्याचा पाय. पुढे त्याची दोन घराणी झाली. एक रिचर्ड बार्कर यांचं, ऑरॅकलच्या केस मेथडमधून घरोघरी पोचलेलं. दुसरं जेम्स मार्टिन यांच्या इन्फर्मेशन इंजिनिअरिंगचं, आडव्या काड्या आणि गोळे वापरणारं. १९९७ मध्ये यूएमएल प्रमाण झालं आणि क्लास डायग्राम आले. बाकीच्या पद्धतींबद्दल ज्यांना प्रेम आहे त्यांनी लिहावं.

माझ्या मते या सगळ्याचं मर्म आपल्या भाषेतल्या दोन छोट्या अव्ययांत आहे: 'तरी' आणि 'च'. 'एक तरी' म्हटलं की किमान ठरतं, 'एकच' म्हटलं की कमाल. पुस्तकं पहिल्याला पार्टिसिपेशन म्हणतात, दुसऱ्याला कार्डिनॅलिटी. मार्टिनच्या पद्धतीत रेघेच्या टोकाला दोन खुणा असतात. चौकटीला चिकटलेली खूण 'च'ची: काडी म्हणजे एकच, पाय म्हणजे कितीही. तिच्या मागची खूण 'तरी'ची: काडी म्हणजे एक तरी हवाच, गोळा म्हणजे नसला तरी चालेल. यूएमएलमध्ये हेच दोन आकड्यांत येतं. `1..*` मध्ये डावा आकडा 'तरी', उजवा 'च'. इथवर दोन्ही पद्धती सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोन्हींत खुणा पलीकडच्या चौकटीशी वाचायच्या असतात.

बार्करबुवांचं मात्र वेगळं. त्यांचा पाय पलीकडे असतो, पण 'तरी' अलीकडे. रेघेचा आपल्या बाजूचा अर्धा भाग सलग असेल तर नातं सक्तीचं, तुटक असेल तर ऐच्छिक. यात एक सौंदर्य आहे. चौकटीपासून निघून रेघेवरून बोट फिरवत गेलं की वाक्य आपोआप तयार होतं. ते मोठ्याने म्हणायचं, हीच माझी शाळा. आणि याच शाळेने मला एकदा तोंडावर पाडलं.

गोष्ट जॉबवर्कच्या चलनांची. चाकणच्या एका कारखान्यातून शाफ्ट उष्णता-प्रक्रियेसाठी भोसरीला जायचे. त्या चलनाला एक्साइजच्या जुन्या नियमामुळे सगळे 'सत्तावन्न एफ फोर' म्हणत, नियम बदलल्यावरही म्हणत राहिले. माल १८० दिवसांत परत यायला हवा, नाहीतर त्यावरचं क्रेडिट भरावं लागायचं. तेव्हा कुठल्या चलनाचे किती नग बाहेर आहेत हा स्टोअरचा रोजचा प्रश्न.

मी बार्कर पद्धतीने काढलं: चलनाच्या बाजूची अर्धी रेघ तुटक, कारण नुकत्याच निघालेल्या मालाची आवक अजून झालेली नसते. आवकेच्या बाजूची सलग, कारण चलनाशिवाय माल परत येऊच शकत नाही. मग गिऱ्हाईकाने मार्टिनच्या खुणा मागितल्या. मी घाईत तुटक रेघेच्या जागी गोळा आणि सलग रेघेच्या जागी काडी ठेवली, त्याच टोकांना. झालं, अर्थ उलटा झाला. आता कागद सांगत होता की प्रत्येक चलनाला एक तरी आवक हवीच, आणि आवक चलनाशिवायही चालेल.

प्रोग्रामरने कागदाप्रमाणे केलं. आवक भरल्याशिवाय चलन सेव्ह होईना. टेम्पो गेटवर उभा, म्हणून स्टोअरच्या माणसाने शून्य नगांची खोटी आवक टाकून चलन छापलं, आणि पुढे तीच रीत पडली. उलट खऱ्या आवकेत चलन क्रमांकाचा रकाना रिकामा सोडता येत होता, तो सर्रास रिकामा राहिला. शून्य नगांच्या नोंदी आणि रिकामे चलन क्रमांक एकाच सिस्टिममध्ये दिसले तर समजावं, 'तरी' चुकीच्या टोकाला बसलाय.

ते निस्तरल्यावर 'च'ने दगा दिला. मी धरलं होतं, एक आवक एकाच चलनाची. पहिल्या चलनाने ५०० शाफ्ट गेले, ३०० परत आले. दुसऱ्याने ४०० गेले. मग एकाच टेम्पोतून ३९० आले: पहिल्याचे १९०, दुसऱ्याचे २००. कारकुनाने ३९० पहिल्यावर टाकले. पहिल्याची शिल्लक उणे १९०, दुसऱ्याचे ४०० जसेच्या तसे. खरं तर पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे २०० बाकी होते. म्हणजे दोन्हीकडे पाय हवा होता, आणि दोन्हीकडे पाय आला की मध्ये तिसरी चौकट घालावीच लागते: आवक-ओळ. एका ओळीत एक आवक, एक चलन आणि नग. यूएमएलमध्ये दोन्ही टोकांना `*` लिहून त्या रेघेला असोसिएशन क्लास टांगता येतो. तो दिसतो छान, पण टेबल तीनच लागणार हे लपवतो. पायवाला कागद ते लपवू देत नाही.

यूएमएलचं श्रेय मात्र देतो. 'एका पार्टला जास्तीत जास्त दोन मंजूर व्हेंडर' हे `0..2` असं लिहिता येतं. पायाला दोनपर्यंत मोजता येत नाही, त्याला फक्त एक आणि पुष्कळ कळतं. पण परचेसवाला उद्या तिसरा व्हेंडर घेतो आणि कागदावरचा २ तसाच राहतो. असले आकडे मी टेबलात ठेवतो, रेघेवर नाही.

काही विद्वान म्हणतात की यूएमएल काटेकोर आहे, म्हणून डेटाबेस पक्का होतो. या मंडळींनी टेबल करून पाहावं. आवक-ओळीतल्या चलन क्रमांकावर फॉरिन की आणि `NOT NULL` लावलं की ओळीला चलन हवंच, एवढं डेटाबेस राखतो. पण 'प्रत्येक आवकेला एक तरी ओळ हवी' हे फॉरिन कीला राखता येत नाही. तुम्ही `1..*` लिहा नाहीतर काडी आणि पाय काढा, त्यासाठी ट्रिगर किंवा प्रोग्राममधली तपासणी लागतेच. कागदावर मी अशा टोकाला लाल फुली मारतो.

हल्ली आधी टेबलं होतात आणि मग टूलकडून चित्र काढून घेतात. चित्र सुबक येतं, पण त्यात जे टेबलात आहे तेवढंच येतं. रकाना चुकून रिकामा सोडण्याजोगा असेल तर चित्रातही इमानेइतबारे गोळा उमटतो, आणि तो ठरवून काढलाय की चुकून, हे चित्र सांगत नाही. जीएसटी आल्यावर १८० दिवसांचं एक वर्ष झालं, चलनं मात्र तशीच फाटतात आणि टेम्पोही तसेच मिसळून येतात.

म्हणून माझा निवाडा साधा आहे. टेबलांसाठी मार्टिनचा पाय, प्रोग्रामच्या वस्तूंसाठी क्लास डायग्राम, आणि एका कागदावर दोन घराणी कधीच नाहीत. कुठलीही खूण काढा, पण सही करण्याआधी प्रत्येक रेघ दोन्ही दिशांनी स्टोअरच्या माणसासमोर मराठीत वाचा, 'तरी' आणि 'च' सकट. चूक असेल तर तो तिथेच म्हणतो, "असं नसतं हो आमच्याकडे."